कायद्यातले रुंद शब्द शेजारच्या शब्दांनी अरुंद होतात, ते कसे?

प्रश्न: कायद्याचा अर्थ लावायच्या ‘एजुस्डेम जेनेरिस’ आणि ‘नॉसिटर अ सोसिस’ या दोन लॅटिन नियमांत फरक काय? यादीत ‘किंवा इतर वस्तू’ असलं तर त्यात काहीही बसतं का?

उत्तर: नाही, सहसा काहीही बसत नाही. नॉसिटर म्हणजे शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून लावणं. एजुस्डेम त्याचंच नेमकं रूप: आधी विशिष्ट शब्द, शेवटी व्यापक शब्द, मग तो व्यापक शब्द त्याच जातीपुरता.

अमेरिकेतला येट्स खटला (2015) बघा. नियमापेक्षा कमी लांबीचे मासे पकडल्याचा पुरावा लपवायला येट्स या मच्छीमाराने ते समुद्रात फेकायला लावले. कलमात ‘नोंद, दस्तऐवज किंवा मूर्त वस्तू’ नष्ट करणं गुन्हा होता. मासा मूर्त वस्तू आहेच! तरी 5 विरुद्ध 4 मतांनी आरोपी या कलमातून सुटला. मुख्य निकालपत्रात दोन्ही नियम वापरले: शेजारी नोंद आणि दस्तऐवज, म्हणून ‘वस्तू’ म्हणजे माहिती नोंदवायची किंवा साठवायची वस्तू, उदाहरणार्थ हार्ड डिस्क.

गल्लत होते ती जात शोधताना. ‘सोनं, गाढव, करार किंवा इतर काही’ यात समान धागाच नाही, तिथे एजुस्डेम लागू होत नाही. ‘कोणत्याही प्रकारचे असो’ अशी स्पष्ट भाषा असेल तरही तो सहसा टिकत नाही.