मामा म्हणतात, पण कोणाचे?

«आई, आबाजींच्या कपाटातल्या वंशावळीचा फोटो पाठवलाय. संध्याकाळी येतात त्या मामांना मी तुझ्याकडचे समजले तर सगळे हसले. कोण तुझ्याकडचं आणि कोण बाबांकडचं, हे कसं ओळखायचं? आणि मी कोणाला काय म्हणायचं?»

चिऊ,

फोटो मिळाला. कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय, पण अक्षरं वाचता येतात.

आधी तो कागद कशाचा आहे ते सांगते, म्हणजे त्यात कोण आहे आणि कोण नाही ते कळेल. तुझे पणजोबा गेले तेव्हा शेतीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची होती, म्हणून आबाजींनी तलाठ्याला द्यायला ही वंशावळ काढली. म्हणून नावं अशी विचित्र वाटतात. मधे ‘वल्द’ लिहिलेलं दिसलं की पुढचं नाव बापाचं. ‘जौजे’ दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं. पणजोबांच्या शेजारी पणजीच्या नावाला ‘बेवा’ लावलंय, म्हणजे नवरा वारलेली बाई. हे शब्द घरात कोणी बोलत नाही, ते जमिनीच्या कागदांतच राहतात. मुलींची नावंही त्यात आहेत, कारण वारसा कायद्याने मुलगीही वारस असते. 2005 पासून तर वडिलोपार्जित जमिनीतही तिचा हक्क मुलाइतकाच आहे. खालची निळ्या पेनाची नावं, म्हणजे बाबांची पिढी आणि तुम्ही पोरं, आबाजींनी नंतर लिहिली.

पण हा कागद एकाच बाजूचा आहे. वाडवडलांची जमीन बापाकडून येते, म्हणून बापाकडचीच माणसं त्यात आली. लग्न होऊन आलेली बाई आली तरी तिचं माहेर आलं नाही. पणजीचं माहेर नाही, आजीचं नाही, माझंही नाही. उजवीकडे टाचणीने लावलेलं वहीचं पान मी दिलं होतं, ते माझ्या माहेरचं, मूर्तिजापूरकडचं. तेव्हा जाड कागदावरचा माणूस बाबांकडचा आणि पानावरचा माझ्याकडचा, इथपर्यंत सोपं आहे.

आता बोट तुझ्या नावावर ठेव. नातं नेहमी स्वतःपासून मोजायचं. पहिली पायरी बाबांच्या नावावर जाते की माझ्या, यावरून बाजू ठरते. मग तिथून आडवं सरकायचं. बाबांचा भाऊ काका, बहीण आत्या. माझा भाऊ मामा, बहीण मावशी. या चार शब्दांत बाजू आपोआप कळते, वेगळी सांगावी लागत नाही. बाबांच्या थोरल्या भावाला तिथे काका म्हणू नकोस. वऱ्हाडात थोरला तो मोठे बाबा आणि त्यांची बायको मोठी आई. धाकट्यालाच काका म्हणायचं, आणि त्याच्या बायकोला काकू. मामाची बायको मामी. आत्याचा नवरा आतोबा, नागपूरकडे फुफाजीही ऐकू येईल. मावशीचा नवरा मावसा. शहरातले लोक शेवटच्या दोघांनाही सरसकट काकाच म्हणतात, आणि मग घोळ होतो. लग्नात कोणी ‘काका आले’ म्हटलं की ते कुठल्या बाजूचे ते कळत नाही, पुन्हा विचारावं लागतं.

या सगळ्यांची मुलं तुझे भाऊ-बहीण, फक्त पुढे खूण लागते. काकांचा मुलगा चुलतभाऊ, आत्याचा आतेभाऊ, मामाचा मामेभाऊ, मावशीचा मावसभाऊ. हाक मारताना ही खूण कोणी लावत नाही, नुसतं दादा किंवा ताई. ‘ए मामेभाऊ’ म्हणून हाक मारलीस तर अख्खा वाडा हसेल.

आजी-आजोबांपाशी मात्र हा खुणांचा हिशेब चालत नाही. माझे वडील आणि बाबांचे वडील, दोघंही आजोबाच. तिथे घरं गावाचं नाव वापरतात. म्हणून मी फोनवर ‘मूर्तिजापूरचे आबाजी’ आणि ‘दारव्ह्याचे आबाजी’ म्हणते. (या दोन गावांमधून पूर्वी शकुंतला गाडी जायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर. ती आता बंद पडलीय, नाहीतर तुला आजोळी तिनेच पाठवलं असतं.)

आता त्या संध्याकाळच्या पाहुण्यांकडे येऊ. खांद्यावर दुपट्टा घेऊन येतात, चहा पिऊन जातात तेच ना? बाबा त्यांना ‘मामा’ म्हणतात, मोठे बाबाही मामाच म्हणतात. तू ऐकलंस मामा, आणि मामा म्हणजे आईचा भाऊ हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू त्यांना माझ्याकडे ढकललंस. पण ते बाबांचे मामा आहेत, म्हणजे बाबांच्या आईचे, आजीचे भाऊ. जो हाक मारतो त्याच्या आईकडचा माणूस मामा होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला शब्द तसाच उचलायचा नाही, कोण बोलतोय ते आधी बघायचं.

तू स्वतःपासून मोज. तू, मग बाबा, मग आजी, मग आजीचा भाऊ. पहिली पायरी बाबा, तेव्हा बाजू बाबांचीच. आणि बाबांचे जे मामा, ते तुझे मामाआजोबा. एक पिढी वर गेलं की असंच करायचं, आई-बाबांच्या तोंडातला शब्द घ्यायचा आणि पुढे आजोबा किंवा आजी जोडायचं. बाबांच्या आत्या तुझ्या आत्याआजी, माझ्या मावशी तुझ्या मावसआजी. आबाजींचे थोरले भाऊ तुझे चुलत आजोबा. मात्र माझ्या वडिलांचे भाऊही चुलत आजोबाच होतात, म्हणून तिथे पुन्हा गावाचं नाव लागतं.

मामाआजोबा जाड कागदावर तुला सापडणार नाहीत, कारण आजीचं माहेर तिथे नाहीच. पण फोटोत पणजीच्या नावापासून बाहेर गेलेली एक पेन्सिलची रेघ दिसतेय, ती नीट बघ. ती एका ‘भाऊ’ लिहिलेल्या चौकोनापाशी जाते आणि तिथून खाली वळून आजीच्या नावाला टेकते. ती चूक नाही. पणजीच्या भावाची मुलगी म्हणजे आपली आजी. आबाजींनी आपल्या मामाच्या मुलीशी लग्न केलं. वऱ्हाडात पुष्कळ समाजांत मामेबहिणीशी लग्न चालतं, चुलतबहिणीशी किंवा मावसबहिणीशी चालत नाही. त्या दोघी सख्ख्या बहिणीसारख्याच धरतात.

त्यामुळे एका माणसाकडे जायला दोन वाटा झाल्या. मामाआजोबा आबाजींचे मेहुणे आहेत आणि मामेभाऊही आहेत. मग कुठली वाट धरायची? घरात रुळलेली. बाबा जन्मल्यापासून त्यांना मामा म्हणतात, म्हणून तुझ्यासाठी मामाआजोबा. आबाजी त्यांना अजून लहानपणचंच ‘भाऊ’ म्हणतात, तेही चुकीचं नाही, ती त्यांची वाट आहे.

हीच रीत कळली की माझ्या बोलण्यातलं एक कोडंही सुटेल. मी आजीला ‘आत्याबाई’ म्हणते आणि आबाजींना ‘मामंजी’. त्यावरून त्या माझ्या आत्या आहेत असं समजू नकोस. माझी खरी आत्या मूर्तिजापूरला आहे, पानावर माझ्या वडिलांच्या शेजारी तिचं नाव दिसेल. पूर्वी आत्याच्या मुलाशी लग्न होणं सर्रास होतं, त्यामुळे सासू ही आत्याच असायची. आता बाहेरची मुलगी सून होऊन आली तरी सासूला तीच हाक राहिली. सासऱ्याला मामा म्हणण्याचंही तसंच, कित्येक घरांत आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. तेव्हा माझ्या तोंडचे हे दोन शब्द वंशावळीत शोधू नकोस, ते सुनेचे आहेत.

मोठ्या बाबांनाही मी मोठे बाबा म्हणत नाही. ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकटा असता तर दीर झाला असता. त्यांची बायको माझी जाऊ, आणि आत्या माझी नणंद. एकाच अंगणात बसलेल्या त्याच माणसांना तू, मी आणि बाबा तीन वेगळ्या नावांनी बोलावतो.

उलट बाजूनेही बघ, म्हणजे ते तुला काय म्हणतात. मोठ्या बाबांची तू पुतणी, आत्याची भाची, मामाचीही भाची. काकांनी पुतणी म्हटलं आणि आत्याने भाची, तर दोघंही बरोबर. मामा तुझ्या पाया पडला तर दचकू नकोस. आपल्याकडे भाची पूजनीय धरतात. तू मात्र त्याला उलटा नमस्कार करायला जाऊ नकोस, तो करू देणार नाही.

गावातले मात्र वंशावळ विचारत नाहीत. म्हाताऱ्या बायका ओट्यावरून विचारतील, ‘‘कोनाची पोरगी व्हय वं तू?’’ तेव्हा तुझं नाव सांगून उपयोग नाही. आबाजींचं नाव सांग, मग ‘नात’ म्हण. एवढ्यावर त्या पुढचं सगळं जोडतील, आणि ‘तुया बापाची मावशी माह्या जावेची बहीन’ असं काहीतरी सांगतील. ते कागदावर मांडायचा प्रयत्न करू नकोस, नुसती मान हलव.

एक काम कर. जाड कागदाच्या अगदी खाली डाव्या कोपऱ्यात एक नाव खोडलंय, तुझ्या अंगठ्याखाली. तो भाग पुन्हा फोटो काढून पाठव. ते नाव कोणाचं, हे आबाजींना तू विचारू नकोस, आजीला विचार, ती स्वयंपाकघरात एकटी असताना. आणि मामाआजोबा आले की चहा तू ने.

तुझी आई