अरोमाथेरपिस्ट व्हायचंय, कुठलं ट्रेनिंग घ्यावं लागतं? आणि मसाजच्या आधी क्लायंटला काय काय विचारायचं?

मी नाशिकला गंगापूर रोडला हे काम करते. ट्रेनिंगचं आधी सांगते. एक-दोन दिवसांचं वर्कशॉप असतं, ते घरच्या वापरापुरतं, त्यावर पैसे घेऊन कोणाला हात लावू नका. मग बेसिक सर्टिफिकेट कोर्स. आणि खरं ट्रेनिंग म्हणजे डिप्लोमा, आयटेक किंवा आयएफए या आंतरराष्ट्रीय संस्थांचा, त्यात शरीररचना, तेलांची केमिस्ट्री, मसाजचं प्रॅक्टिकल आणि केस स्टडीज असतात. आपल्याकडे यासाठी सरकारी लायसन्स नाही, कोणीही बोर्ड लावू शकतं, म्हणून अॅडमिशनआधी एकच विचारा, खऱ्या माणसांवर किती केस स्टडी करून घेता? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

आता विचारायचं काय. साठीच्या एक काकू गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. आजार? नाही. गोळ्या? नाही. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हटलं, काकू, सकाळी चहा झाल्यावर काय काय घेता? तर पर्समधून पाऊच काढला, त्यात बीपीची गोळी आणि रक्त पातळ करायची वॉरफरिन. दोन वर्षांपूर्वी हार्टच्या व्हॉल्वचं ऑपरेशन झालेलं. म्हणे, "ते रोजचंच आहे गं, आजार कुठे?"

गुडघ्यासाठी मी गंधपुऱ्याचं तेल घेणार होते. त्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, अॅस्पिरिनच्याच घरातलं, ते कातडीतून आत जातं आणि वॉरफरिनबरोबर रक्तस्राव वाढू शकतो. जोरात दाबलं तर काळे-निळे डाग पडणार ते वेगळंच. त्या दिवशी मसाज केलाच नाही, डॉक्टरांना विचारून या म्हटलं. त्यांनी हलका मसाज चालेल सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात ३० मिली सूर्यफूल तेलात लव्हेंडरचे ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, आणि नुसता हलका हात. निरोगी माणसाला मी २ टक्क्यांपर्यंत जाते.

म्हणून "काही त्रास आहे का" असं मोघम कधीच विचारू नका. नाव घेऊन विचारा, फिट येते का, दमा आहे का, दिवस गेलेत का, बदाम-तिळाची अॅलर्जी आहे का (बेसचं तेलच बदामाचं असतं बऱ्याचदा). एकाच पायाची पोटरी सुजलीय, दुखतेय, गरम लागतेय असं दिसलं तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवा, आत रक्ताची गुठळी असू शकते.

आणि इथून घरी कसं जाणार तेही विचारते मी. एप्रिलच्या दुपारी कोणी स्कूटीवर सिडकोपर्यंत जाणार असेल तर बर्गमॉटचं तेल बंद, कारण ते लावलेल्या कातडीवर ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे येतात, बारा तास तरी उन्हात जाता येत नाही. हे सगळं फॉर्मवर लिहून सही घेते, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तोच फॉर्म काढून विचारते, गोळ्यांत काही बदल झाला का.