खरे असणे आणि सिद्ध होणे: अंकगणितातला फरक

प्रश्न: ‘कोणत्याही सुसंगत अंकगणितीय व्यवस्थेत संख्यांविषयीची सगळी सत्य विधाने सिद्ध करता येत नाहीत’ असे वाक्य वाचले. जे सिद्धच होत नाही ते सत्य आहे हे ठरवले कोणी? आणि ‘सुसंगत’ हा शब्द त्यात कशासाठी?

गणितात ‘सिद्ध’ या शब्दाला नेहमी एक सप्तमी लागते. अमुक विधान सिद्ध होते, तर कशात? गृहीतकांची यादी कोणती, आणि एका विधानावरून दुसऱ्यावर जायचे नियम कोणते? ही यादी आणि हे नियम मिळून जे होते ती ‘व्यवस्था’. हे सांगितल्याशिवाय ‘सिद्ध’ला अर्थ नाही. ‘खरे’चे तसे नाही. १७ ही मूळ संख्या आहे हे खरे आहे, कारण १७ तशी आहे. कोणी कोणती गृहीतके घेतली याच्याशी त्याचा संबंध नाही. बोलताना ही सप्तमी आपण गिळतो आणि मग ‘सिद्ध न होणारे सत्य’ काहीतरी गूढ वाटू लागते. ती परत जोडली की तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: विधान ‘या’ व्यवस्थेत सिद्ध होत नाही, आणि ते खरे आहे हे आपल्याला कळते ते दुसऱ्या, अधिक बळ असलेल्या व्यवस्थेतून.

हे एका उदाहरणावर नीट पाहू. तुम्ही वाचलेले वाक्य म्हणजे तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल याचा सिद्धांत. तो १९३१ मध्ये मांडताना त्याने जे विधान रचले ते मुद्दाम घडवलेले होते. ‘मी या व्यवस्थेत सिद्ध होत नाही’ असे ते स्वतःविषयी, संख्यांच्या भाषेत, सांगते. ते ऐकून बऱ्याच जणांना शब्दांची हातचलाखी झाल्यासारखे वाटते. म्हणून मी इथे दुसरे उदाहरण घेतो. त्यात स्वतःविषयी बोलणारे काही नाही, नुसता आकड्यांचा खेळ आहे. तो रूबेन गुडस्टीन या ब्रिटिश गणितज्ञाने १९४४ मध्ये मांडला.

एक संख्या घ्या, समजा ४. ती २ या पायात लिहा, घातांकही त्याच पायात: २चा २रा घात. आता जिथे जिथे २ दिसतो तिथे ३ लिहा, घातांकातसुद्धा. झाला ३चा ३रा घात, म्हणजे २७. त्यातून १ वजा करा: २६. पुढच्या खेपेला २६ ही संख्या ३ या पायात लिहा, ३च्या जागी ४ घाला, १ वजा करा. मग पाया ५, मग ६, असे चालू ठेवा. संख्या येतात त्या अशा: ४, २६, ४१, ६०, ८३, १०९. वाढतच चालल्या आहेत, आणि पुढे प्रचंड वाढतात. गुडस्टीनचे म्हणणे असे की सुरुवात कोणत्याही संख्येने करा, हा क्रम शेवटी शून्यावर येतोच.

पहिल्यांदा हे कोणाला पटत नाही. पण त्या संख्यांचे अंक त्यांच्या त्यांच्या पायात लिहून पाहा. २६ म्हणजे पाया ३ मध्ये २, २, २. ४१ म्हणजे पाया ४ मध्ये २, २, १. ६० म्हणजे पाया ५ मध्ये २, २, ०. आता १ वजा करायला हातचा घ्यावा लागतो, म्हणून ८३ हे पाया ६ मध्ये २, १, ५ होते, आणि १०९ हे पाया ७ मध्ये २, १, ४. पाया वाढवल्याने अंक बदलत नाहीत. त्यांना फक्त ती वजाबाकी शिवते. शेवटचा अंक एकेकाने उतरतो, तो संपला की मधला एकाने कमी होतो आणि शेवटच्या जागी मोठा अंक येतो. तो कितीही मोठा असला तरी कधीतरी संपणार, मग मधला आणखी एकाने उतरणार, मधला संपला की पहिला. शब्दकोशात मागे मागे जाण्यासारखे आहे हे: आधी पहिले अक्षर पाहायचे, ते सारखे असेल तर दुसरे, मग तिसरे. दर खेपेला ही अंकांची ओळ त्या क्रमाने मागे सरकते, आणि अशी तीन अंकांची ओळ अनंत वेळा मागे सरकू शकत नाही. म्हणून ४ पासून निघालेला क्रम शून्यावर येणारच.

मात्र त्याला लागणाऱ्या खेपा किती? ३ गुणिले २चा ४०,२६,५३,२११वा घात, त्यातून ३ वजा. ही संख्या लिहायलाच १२ कोटींहून जास्त अंक लागतात. ३ पासून सुरुवात केली तर मात्र क्रम ३, ३, ३, २, १, ० असा चटकन संपतो. एवढ्याशा फरकाने एवढी उडी, हे मला या खेळातले सर्वांत गमतीचे वाटते.

आता व्यवस्थेकडे येऊ. अंकगणिताची रूढ व्यवस्था पेआनो या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात बेरीज-गुणाकाराचे मूळ नियम आहेत आणि गणिती विगमन आहे: एखादा गुणधर्म ० ला लागू असेल आणि एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जात असेल, तर तो सर्व संख्यांना लागू. शाळा-कॉलेजात संख्यांविषयी जे सिद्ध करतात त्यातले बहुतेक सारे या व्यवस्थेत बसते. ‘४ पासूनचा क्रम शून्यावर येतो’ हेही बसते. ५ चे बसते, १६ चे बसते, कोणत्याही ठरावीक संख्येचे बसते. कारण क्रम खरोखर संपत असेल, तर प्रत्येक खेप लिहून काढणे हीच त्याची सिद्धता. कागद विश्वात मावणार नाही, पण तत्त्वतः ती सिद्धता मर्यादित लांबीची आणि निर्दोष आहे.

जे बसत नाही ते एकच वाक्य: ‘सर्व संख्यांसाठी क्रम शून्यावर येतो.’ लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस यांनी १९८२ मध्ये दाखवले की पेआनोची व्यवस्था सुसंगत असेल तर हे वाक्य तिच्यात सिद्ध होऊ शकत नाही. म्हणजे ‘प्रत्येक’ सुटा सुटा सिद्ध होतो, ‘सर्व’ एकत्र होत नाहीत. एरवी आपण हे दोन शब्द अदलाबदल करून वापरतो आणि काही बिघडत नाही. इथे मात्र त्यांच्यामधल्या फटीतच सगळा सिद्धांत आहे: एकेका संख्येसाठी वेगळी सिद्धता मिळत राहते, त्या सिद्धता भराभर लांबत जातात, आणि त्या सगळ्यांना एका मर्यादित युक्तिवादात बांधणारा धागा या व्यवस्थेकडे नसतो.

धागा का नसतो? ४ साठी तीन अंकांची ओळ पुरली. १६ म्हणजे २च्या घातांकात २ आणि त्याच्याही घातांकात २. पहिल्याच खेपेला ती संख्या ७६,२५,५९,७४,८४,९८६ होते. तिथे मागे सरकणारी गोष्ट नुसती अंकांची ओळ उरत नाही, घातांकांतही ओळी येतात आणि त्यांच्या घातांकांतही. अशा मनोऱ्याची उंची ठरावीक असेल, तर ‘मागे सरकणे कधीतरी थांबते’ हे पेआनोच्या विगमनाने सिद्ध होते. सगळ्या उंचींसाठी एकदम मात्र होत नाही. संचांच्या सिद्धांतात अनंताच्याही पुढे मोजण्याची सोय आहे. तिथे पायाच्या जागी सरळ एक अनंत क्रमांक ठेवतात, आणि दर खेपेला ती राशी कमी होते हे दाखवून काही ओळींत काम होते. ‘ठरवले कोणी’ म्हणालात, तर ते असे ठरले. त्यात अंतर्ज्ञान वगैरे काही नाही. नेहमीसारखीच सिद्धता आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणची. अर्थात त्या ठिकाणालाही स्वतःची अशी न सिद्ध होणारी सत्ये आहेतच.

‘सुसंगत’ हा शब्द गाळला तर वाक्य खोटे होते. जी व्यवस्था सुसंगत नाही, म्हणजे जिच्यात एखादे विधान आणि त्याचा नकार दोन्ही सिद्ध होतात, तिच्यात तर्काच्या नेहमीच्या नियमांनी काहीही सिद्ध होते. म्हणजे सगळी सत्येही सिद्ध होतात, आणि सगळी असत्येही. तशी ‘पूर्ण’ व्यवस्था कोणाच्या उपयोगाची नाही.

तुम्ही वाचलेल्या वाक्यात आणखी दोन अटी गृहीत आहेत, त्या मात्र बहुतेक जण लिहीत नाहीत. एक, दिलेले विधान गृहीतक आहे की नाही हे ठरावीक पद्धतीने तपासता आले पाहिजे. नाहीतर ‘संख्यांविषयीची सगळी सत्ये हीच माझी गृहीतके’ म्हणून कोणीही मोकळा होईल. दुसरी, व्यवस्थेत बेरीज आणि गुणाकार दोन्ही हवेत. नुसत्या बेरजेचे अंकगणित पूर्ण आहे, त्यातले प्रत्येक विधान सिद्ध तरी होते किंवा खोडता तरी येते. हे प्रेसबर्गर या पोलिश गणितज्ञाने १९२९ मध्येच दाखवले होते.

म्हणून ‘काही सत्ये कधीच, कशानेच सिद्ध होणार नाहीत’ असे जे लिहिले जाते ते या सिद्धांताचे म्हणणे नाही. तो सांगतो की प्रत्येक व्यवस्थेला तिच्यापुरते असे काही सत्य आहे. ते सत्य गृहीतक म्हणून जोडून व्यवस्था मोठी करता येते. मग त्या मोठ्या व्यवस्थेसाठी निराळे सत्य निघते.

एक शेवटचे, कारण हा प्रश्न हमखास पाठोपाठ येतो: गोल्डबाखचे अनुमान असेच असेल का? २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे १७४२ पासूनचे अनुमान अजून सिद्ध झालेले नाही. पण ‘अजून कोणाला सिद्ध करता आले नाही’ आणि ‘या व्यवस्थेत सिद्ध होऊ शकत नाही’ यांत फार अंतर आहे, दुसरे म्हणायला त्याचीही सिद्धता लागते. शिवाय या अनुमानाची ठेवण गुडस्टीनच्या विधानाहून वेगळी आहे. गोल्डबाख खोटा असेल तर कुठेतरी एक सम संख्या आडवी येईल, आणि ती आडवी येते हे साध्या मोजणीने पेआनोच्या व्यवस्थेतच सिद्ध होईल. म्हणून उद्या कोणी दाखवले की हे अनुमान त्या व्यवस्थेत सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही, तर त्याच क्षणी ते खरे ठरेल. गुडस्टीनच्या विधानाला ही सोय नाही: अपवाद असता तर तो न संपणारा क्रम असता, आणि क्रम संपत नाही हे नुसते मोजत राहून कधीच कळत नाही. गोडेलचे मूळ वाक्य मात्र गोल्डबाखच्या जातीचे आहे. ‘माझी सिद्धता दर्शवणारी संख्या नाही’ असे ते म्हणते, आणि व्यवस्था सुसंगत असेल तर तशी संख्या खरोखरच सापडत नाही.