३x + ५y ≤ ३०: यादी y कडून सुरू कर

३x + ५y ≤ ३० मध्ये बसणाऱ्या, शून्य किंवा धन पूर्णांकांच्या सगळ्या (x, y) जोड्या शोधायच्या आहेत ना? मग सुचतील तशा जोड्या लिहीत बसू नकोस, हमखास काही सुटतात. आधी y धर, कारण त्याचा सहगुणक मोठा आहे. त्याला ० ते ६ एवढ्या सातच किमती मिळतात, तर x ला अकरा. म्हणजे ओळी कमी.

आता y = २ घे. ५ × २ = १०, उरले २०. २० ला ३ ने भागलं की ६ आणि बाकी २. बाकी सोडून दे. x ० ते ६, म्हणजे सात जोड्या. इथे बरेच जण ६.६७ चे ७ करतात. पण (७, २) ठेवून बघ, ३१ येतात. शून्यही मोज, नाहीतर प्रत्येक ओळीत एक जोडी कमी पडेल.

y = ० पासून ६ पर्यंत असंच केलं की ११, ९, ७, ६, ४, २, १. एकूण ४०. त्यांपैकी बरोबर ३० देणाऱ्या तीनच: (१०, ०), (५, ३), (०, ६).

पडताळा हवा तर x धरून उलट मोज: ७, ६, ५, ५, ४, ४, ३, २, २, १, १. पुन्हा ४०च. ऋण संख्या घेतल्या तर मात्र यादी संपणारच नाही, म्हणून x ≥ ०, y ≥ ० ही अट उत्तरात लिहीच.