राजवाडा कुठे, हे इंग्रजीत विचारताना

काल सरावात तू विचारलंस, ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज राजवाडा?’ ही चूक आपल्या इंदूरकर मराठी घरांत सर्रास होते. ‘राजवाडा कुठे आहे’ याला आपण पुढे ‘ते सांगाल का’ जोडलं, तरी आतला क्रम हलत नाही. इंग्रजीत हलतो. ‘कॅन यू टेल मी’ म्हणताच प्रश्न विचारून झाला. पुढे साध्या विधानाचा क्रम येतो: ‘व्हेअर राजवाडा इज’. मूळ प्रश्नात ‘डज’ असेल, तर तो गळतो आणि त्याचा ‘स’ क्रियापदाला मिळतो. ‘व्हेअर डज द बस स्टॉप?’ याचं होतं ‘डू यू नो व्हेअर द बस स्टॉप्स?’ हा ‘स’ घाईत मीसुद्धा गिळतो. आणि आपल्या ‘ते’साठी मध्ये ‘दॅट’ घुसवू नकोस.