पहिला घटक ५५ टक्के आला, म्हणून थांबू नका

पीसीए म्हणजे अनेक विषयांच्या गुणांतला फरक मोजक्या घटकांत गोळा करणारी पद्धत. परीक्षेच्या गुणांवर ती चालवताना आधी सहसंबंधाचा तक्ता घ्या. एक विषय ५० पैकी आणि दुसरा १०० पैकी असेल, तर कच्च्या गुणांत मोठ्या फरकाचा विषय उगाच वरचढ ठरतो. आर वापरत असाल तर `prcomp(gun, scale. = TRUE)` एवढंच पुरतं.

आता खरी मेख. सगळे सहसंबंध धन असले की पहिल्या घटकावर सर्व विषयांचे भार, म्हणजे त्या घटकातली त्यांची वजनं, एकाच चिन्हाचे येणारच. ते गणितच तसं आहे. त्यावरून ‘सर्वसाधारण क्षमता’ सापडली असं म्हणू नका.

सहा विषय धरा, तीन भाषा आणि तीन गणित-विज्ञान. गटाच्या आत सहसंबंध ०.७, गटांमध्ये ०.३. प्रत्येक घटकात किती फरक सामावला हे सांगणारी आयगेनमूल्यं येतात ३.३, १.५ आणि उरलेली चार ०.३ची. एकूण फरकात पहिल्या घटकाचा वाटा ३.३ भागिले ६, म्हणजे ५५ टक्के. आता प्रत्येक जोडीचा सहसंबंध ०.४६ धरा. पहिलं मूल्य पुन्हा ३.३च, पण बाकीची पाचही ०.५४. टक्केवारी तीच, चित्र वेगळं! पहिल्या उदाहरणात दुसऱ्या घटकावर भाषा एका चिन्हाच्या आणि गणित-विज्ञान विरुद्ध चिन्हाचे दिसतात.

म्हणून दुसरं मूल्य बघा. ते खरं की योगायोग, हे ठरवायला प्रत्येक विषयाचे गुण विद्यार्थ्यांमध्ये स्वतंत्रपणे पत्त्यांसारखे पिसा आणि शंभरेकदा पीसीए करा. पिसलेल्या गुणांतून येणाऱ्या दुसऱ्या मूल्यांपेक्षा तुमचं स्पष्ट मोठं असेल, तर एकच घटक पुरेसा नाही. आणि एकच निघाला तरी तो बुद्धीचा, हजेरीचा की परीक्षकाच्या सैल हाताचा, हे पीसीए सांगत नाही.