मोबाइल नंबर एक म्हणजे ग्राहक एक, असं नसतं

प्रश्न: आमच्या सीआरएममध्ये साधारण ९ हजार ग्राहक आहेत आणि बरेच डुप्लिकेट दिसतात. दिवाळीची कॅम्पेन तीन आठवड्यांवर आली आहे. मोबाइल नंबर जुळणारे सगळे रेकॉर्ड सरसकट मर्ज केले तर चालेल का?

उत्तर:

नका करू. आमच्याकडे हेच झालं होतं. मर्ज एका संध्याकाळी उरकला आणि तो निस्तरायला मला अकरा दिवस लागले.

मी तेव्हा पुण्यात सोलर वॉटर हीटर विकणाऱ्या एका कंपनीत सेल्स कोऑर्डिनेटर होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या डीलरांच्या नोंदी, वॉरंटी, एएमसीच्या तारखा सगळं माझ्या टेबलावर यायचं. दसऱ्यापासून एक्स्चेंज ऑफर सुरू व्हायची होती, जुनी टाकी द्या आणि नवी घ्या. यादी काढली तर एकेक नंबर तीन-तीनदा. सेल्स मॅनेजर म्हणाले, "एक नंबर, एक माणूस. मर्ज मारा." मी म्हटलं, सर, डीलरकडून आलेल्या नोंदी आधी दोन दिवस डोळ्यांखालून घालू द्या. त्यावर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, की तुम्ही एंट्री नीट करत नाही म्हणून ही वेळ आली. शुक्रवारी संध्याकाळी सीआरएम बसवून देणाऱ्या माणसाकडून त्यांनी तो मर्ज करून घेतला. मी फक्त एक गोष्ट केली. दुपारीच सगळा डेटा रेकॉर्ड आयडीसकट एक्स्पोर्ट करून ठेवला.

सोमवारी सकाळी कऱ्हाडहून एका बाईंचा फोन आला. पाणी तापत नव्हतं. कॉल सेंटरमधल्या मुलीने वॉरंटी कार्डावरचा सिरियल नंबर टाकला, तर नाव निघालं भलत्याच माणसाचं आणि पत्ता उंब्रजचा. तिने मला स्क्रीन बघायला बोलावलं. त्या एका नावाखाली १८७ हीटर लागलेले होते. शंभर लिटर, दोनशे लिटर, तीनशे लिटर, मी खाली सरकवत राहिले तरी यादी संपेना. मलकापूर, ओगलेवाडी, उंब्रज, सगळ्या गावांतले हीटर एका माणसाच्या घरावर चढले होते. फोनवर बाई विचारत होत्या की माणूस कधी पाठवताय, आणि पाठवायचा कुठे हेच आमच्याकडे उरलं नव्हतं.

तो नंबर डीलरचा होता. त्याने प्रत्येक ग्राहकाच्या फॉर्मवर स्वतःचाच मोबाइल घातला होता. डीलर हे का करतात ते समजून घ्या, कारण तुमच्याही डेटात ते असणारच. ग्राहकाचा नंबर कंपनीला दिला की उद्या कंपनी थेट फोन करून माल विकेल आणि आपलं कमिशन जाईल, ही भीती असते. शिवाय वॉरंटी नोंदवताना ओटीपी लागत असेल तर दुकानात बसल्या बसल्या स्वतःच्या फोनवर घेणं सोपं पडतं. प्लंबर हेच करतो. सोसायटीत काम असेल तर सेक्रेटरींचा नंबर सगळ्या फ्लॅटना लागतो.

आणि यातलं सगळ्यात वाईट असं की कॅम्पेनच्या रिपोर्टमध्ये हे कुठेच दिसलं नसतं. १८७ ग्राहकांसाठी एक एसएमएस गेला असता, तोही डीलरला. बाकीच्या घरी काहीच पोचलं नसतं आणि रिपोर्टमध्ये डिलिव्हरी मात्र पूर्ण दिसली असती. त्या बाईंच्या घरी पाणी तापत होतं तोपर्यंत आम्हाला कळलंच नव्हतं.

आता तुमचं काम. सगळा नंबरचा कॉलम आधी एका साच्यात आणा. कुठे +91 असेल, कुठे पुढे शून्य, कुठे मध्ये मोकळी जागा. एक्सेलमध्ये नंबर B कॉलममध्ये आहे असं धरलं तर शेजारच्या C आणि D मध्ये हे घाला:

```
C2:  =RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(B2)," ",""),"-",""),10)
D2:  =COUNTIF(C:C,C2)
```

C मध्ये शेवटचे दहा आकडे येतात, D मध्ये तो नंबर किती वेळा आलाय ते. मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, बाकीचे वेगळे काढा. एकाच चौकटीत दोन नंबर तिरक्या रेघेने लिहिलेले असतील तर हे सूत्र फक्त शेवटचा उचलतं, ते हाताने फोडा. बंगळुरूचे लँडलाइन 080 ने सुरू होतात, त्यांचे शेवटचे दहा आकडे हुबेहूब मोबाइलसारखे दिसतात, तेही बघा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून कधीच उघडू नका. 91 धरून बारा आकडी झालेला नंबर 9.19822E+11 असा दिसायला लागतो आणि तशीच फाइल सेव्ह केली की पुढचे आकडे कायमचे जातात. मग सुरुवातीचे आकडे सारखे असलेले शेकडो अनोळखी ग्राहक एकमेकांचे डुप्लिकेट ठरतात. फाइल इम्पोर्ट करा आणि नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा.

मग D कॉलम उतरत्या क्रमाने लावा. वरच्या ओळी बघितल्यात की सगळं कळेल. पाचाहून जास्त वेळा आलेला नंबर ग्राहकाचा नाही असं धरून चाला. त्या नंबरवर फोन लावून विचारा, डीलर असेल तर सांगतो. त्या नोंदी मर्ज करू नका. नंबर तिथून काढून वेगळ्या रकान्यात ठेवा, "कोणामार्फत" म्हणून, आणि खरा नंबर मिळवायच्या यादीत त्यांना टाका.

दोन-तीन वेळा आलेले नंबर हे खरे उमेदवार. त्यांनाही दुसरा पुरावा लागतो, आणि नाव हा पुरावा म्हणून कच्चा आहे. चव्हाण हेच आडनाव आमच्याकडे Chavan, Chavhan आणि Chauhan असं तिन्ही प्रकारे आलं होतं, त्यातले काही Chauhan खरोखरच चौहान होते. त्याहून अवघड म्हणजे भाऊ. S. R. Jadhav नावाच्या तीन नोंदी होत्या, एकच वाडा, घरचा एकच फोन. संजय, सुनील आणि संदीप. वडिलांचं नाव एक, आडनाव एक, आद्याक्षरं एक, आणि गच्चीवर तीन वेगळ्या टाक्या. कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना एक माणूस म्हणेल. त्यांना वेगळं ठेवलं ते सिरियल नंबराने. तुमच्या धंद्यात सिरियल नंबर नसेल तर बिल नंबर घ्या. माणसाने बोलून सांगितलेल्या माहितीपेक्षा कागदावर छापलेला आकडा जास्त भरवशाचा.

मर्ज करताना कुठल्या रकान्यात कोणाची माहिती टिकणार हे आधी लिहून काढा. आमच्याकडे सरसकट शेवटी बदललेली नोंद जिंकायची असं ठरवलं गेलं होतं. सांगलीच्या एका बाईंनी पती गेल्यानंतर कळवलं होतं की फोन करू नका, आणि मी स्वतः त्या नोंदीवर तशी खूण केली होती. त्यांच्या नावाची दुसरी नोंद नंतर कोणीतरी उघडून पिनकोड बदलला होता, ती जिंकली आणि खूण पुसली गेली. टेलिकॉलरने फोन लावून "साहेब आहेत का?" असं विचारलं. नंतर मी त्या बाईंना फोन केला. त्या चिडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुम्हाला." म्हणून हा एक नियम दगडावरची रेघ समजा: दोन नोंदींपैकी एकीवर जरी "संपर्क नको" असेल, तरी मर्ज झालेल्या नोंदीवर तो राहिलाच पाहिजे. पत्ता नवा घ्या, नोंदीची तारीख जुनी घ्या, सर्व्हिसचा इतिहास सगळ्यांचा घ्या.

मर्ज परत फिरवता येईल या भरवशावर राहू नका. हबस्पॉटमध्ये मर्ज उलटा करता येतच नाही. सेल्सफोर्समध्ये जिंकलेली नोंद सोडून बाकीच्या डिलीट होतात. रिसायकल बिनमधून त्या परत आणल्या, तरी त्यांच्याखाली लागलेल्या गोष्टी आपोआप मागे जात नाहीत. आमचे १८७ हीटर मी त्या शुक्रवारच्या एक्स्पोर्टवरून एकेक सिरियल नंबर जुळवत परत त्या-त्या घरी नेले.

तुमच्याकडे तीन आठवडेच आहेत, तर अख्खं सीआरएम साफ करायला घेऊच नका. कॅम्पेनची यादी बाहेर काढा आणि त्या यादीत एका नंबरला एकच मेसेज जाईल एवढं करा. तिथे चूक झाली तर फार तर एक मेसेज कमी जाईल, नोंदी शाबूत राहतील. सीआरएममधले मर्ज पुरावा पक्का असलेल्या जोड्यांपुरते ठेवा आणि आधी पन्नास जोड्या हाताने तपासा. पन्नासात दोन जरी चुकल्या तरी नियम बदला, मग पुढे जा.

एक राहिलं. हे सगळं घरगुती ग्राहकांबद्दल आहे. तुमचे ग्राहक कंपन्या असतील तर जीएसटी नंबर घ्या. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅन तोच आणि राज्य वेगळं म्हणजे एकाच कंपनीच्या दोन नोंदण्या. त्या एका मूळ कंपनीखाली जोडा, मर्ज करू नका, कारण माल आणि बिल वेगळ्या पत्त्यांवर जातात.

आणि डुप्लिकेट कोण करतं याबद्दल. एंट्री करणाऱ्या मुली करतात असं मला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं होतं. निस्तरण्याच्या त्या अकरा दिवसांत मी प्रत्येक डुप्लिकेट नोंद कोणी आणि कधी उघडली हे एक्स्पोर्टमधून काढलं. निम्म्याहून जास्त नोंदी सेल्सच्या मुलांच्या लॉगिनवरून झालेल्या होत्या आणि बहुतेक महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांतल्या. कारण इन्सेंटिव्ह "नव्या ग्राहकावर" होता. जुना ग्राहक सर्चमध्ये सापडला तर पैसे नाहीत, नव्याने टाकला तर आहेत. टार्गेट बंद होताना माणूस सर्च करत नाही. मी त्या मुलांना दोष देत नाही, नियम त्यांनी केला नव्हता. सहा महिन्यांनी इन्सेंटिव्ह नव्या सिरियल नंबराच्या पहिल्या बिलावर गेला, तेव्हा महिनाअखेरची ती गर्दी थांबली.

तुमच्याकडेही मर्जच्या आधी Created By आणि Created Date हे दोन कॉलम एक्स्पोर्ट करून ठेवा. मर्ज झाल्यावर एकाच नोंदीचे तेवढे उरतात, मग डुप्लिकेट कुठून आले हे कोणालाच दाखवता येत नाही.